रीलचा भाव मसाल्याच्या पाकिटावरून काढा

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात कांदा-लसूण मसाला करून विकणारी घरं पुष्कळ आहेत. नवी मिरची आली की ब्याडगी आणि संकेश्वरीची निवड सुरू होते, कांदा वाळत पडतो, खोबरं-तीळ-धणे भाजले जातात, डंकावर कांडप होतं. पहिली पाकिटं नातेवाईक घेतात, मग त्यांच्या ओळखीचे, मग पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव पोचतं. पुढे ओळखीचं वर्तुळ संपतं आणि विक्री एका आकड्यावर अडून बसते. अशा वेळी घरातलं कुणीतरी तरुण सुचवतं, “एखाद्या इन्फ्लुएन्सरकडून रील करून घेऊ या.”

सूचना चांगली आहे. मसाला ही डोळ्यांना पटणारी वस्तू आहे. रोज स्वयंपाक दाखवणारी, ओळखीची वाटणारी बाई तो तेलात परतताना दिसली, त्याचा रंग सुटताना दिसला, की पाहणाऱ्याला एकदा मागवून बघावंसं वाटतं. तरीही या वाटेवर छोट्या व्यावसायिकांचे पैसे बुडतात, कारण बहुतेक जण आधी माणूस निवडतात, मग त्याचा दर ऐकतात, मग घासाघीस करतात आणि शेवटी ‘काही फरक पडला का’ याचा अंदाज बांधत बसतात. हा क्रम उलटा हवा. सुरुवात स्वतःच्या पाकिटातल्या हिशेबापासून करायची. निवड, दर, करार आणि मोजणी या चारही गोष्टी त्या एका आकड्यावर उभ्या राहतात. तो कसा काढायचा आणि पुढे कसा वापरायचा, हे एका कल्पित पण रोजच्या व्यवहारातल्यासारख्या मसाला व्यवसायाच्या उदाहरणावरून पाहू.

एका ऑर्डरीमागे हातात काय राहतं?

समजा, या व्यवसायाची कुरिअरनं जाणारी सरासरी ऑर्डर ५०० रुपयांची आहे. कच्चा माल, कांडपाची मजुरी आणि पाकीट मिळून २०० रुपये जातात. खोका आणि कुरिअर ९०. किमतीतच धरलेला जीएसटी साधारण २४. ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च ११. फुटलेली आणि कॅश ऑन डिलिव्हरीत परत आलेली पार्सलं सगळ्या ऑर्डरींवर वाटली तर प्रत्येकीमागे १५. बेरीज ३४० होते आणि हातात १६० रुपये उरतात.

रीलमधून येणाऱ्या ग्राहकाला बहुधा दहा टक्के सवलतीचा कोड दिला जातो. सवलत ५० रुपयांची झाली, म्हणजे उरले ११०. नवा ग्राहक पहिल्या ऑर्डरीतच फिटावा असं वाटत असेल, तर त्याला आणण्यासाठी ११० रुपयांपेक्षा जास्त खर्च परवडत नाही. आपल्या सगळ्या बोलणीची ही मर्यादा. ग्राहक पुन्हा मागवेल ही आशा खरी ठरू शकते, पण आधीचा पुरावा हातात नसेल तर सुरुवातीच्या हिशेबात ती धरू नये.

आता एका क्रिएटरनं दर सांगितला आहे : एक रील आणि दोन स्टोरी, १५,००० रुपये. तिचे फॉलोअर्स ६०,००० आहेत. ११० नं भागलं तर १३७ ऑर्डरी आल्या पाहिजेत. तिची साधारण रील १८,००० वेळा पाहिली जाते असं दिसलं, तर दर एकशे तीस पाहणाऱ्यांमागे एकानं तिथल्या तिथे पैसे मोजायला हवेत. एरवी आपण बोटानं वर सरकवलेल्या किती रील्सनंतर खरेदी करतो, हे आठवलं तर ही अपेक्षा किती मोठी आहे ते कळतं. तिचा दर अवाजवी आहे असं यावरून म्हणता येणार नाही. मोठ्या कंपनीला नाव डोळ्यांसमोर राहण्यासाठी तो परवडतही असेल. आपल्या पाकिटाला तो परवडत नाही, इतकंच.

निवड : फॉलोअर्स सोडा, शेवटच्या बारा रील्स बघा

फॉलोअर्सचा आकडा हा जमा झालेला आकडा असतो. त्यातले कित्येक जण तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या व्हायरल व्हिडिओनंतर आलेले आणि पुन्हा कधी न फिरकलेले असतात. म्हणून शेवटच्या बारा रील्सचे व्ह्यूज कागदावर उतरवून घ्या, चढत्या क्रमानं लावा आणि मधला आकडा धरा. सरासरी काढू नका, कारण दोन लाखांची एक रील सगळी सरासरी फुगवते. पैसे दिलेल्या जाहिरातीच्या रील्स वेगळ्या काढून त्यांचे व्ह्यूजही पाहा. नेहमीची रील १८,००० आणि जाहिरातीची ४,००० असेल, तर आपल्याला मिळणार आहेत ते ४,०००.

दुसरी तपासणी प्रतिक्रियांची. ‘मस्त’, ‘सुपर’, हृदयाची चित्रं आणि तीच ती दहा-बारा नावं प्रत्येक पोस्टखाली पहिल्या काही मिनिटांत दिसत असतील, तर ती एकमेकांना प्रतिक्रिया देणारी टोळी असण्याचा संभव मोठा. याउलट ‘ताई, ही मिरची कुठली?’, ‘माझा रस्सा पातळ होतो, काय करू?’ असे प्रश्न असतील आणि ती उत्तरं देत असेल, तर तिथे खरे स्वयंपाक करणारे लोक आहेत. अशा पानावर मसाल्याला ग्राहक मिळतो.

तिसरी गोष्ट क्रिएटरकडून मागून घ्यावी लागते. इन्स्टाग्रामच्या इन्साइट्समध्ये प्रेक्षक कोणत्या शहरांतले, कोणत्या वयाचे, बायका किती, पुरुष किती हे दिसतं. स्क्रीनशॉटमध्ये फेरफार करता येतो, म्हणून फोनवर इन्साइट्स उघडून खाली सरकवत केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. सोबत मागच्या एखाद्या जाहिरातीच्या स्टोरीवर किती जणांनी लिंक दाबली, तो आकडाही मागा. मराठीत बोलणाऱ्या क्रिएटरचेही निम्मे प्रेक्षक भलत्याच राज्यातले निघू शकतात, कारण तिचा झणझणीत मिसळीचा व्हिडिओ देशभर फिरलेला असतो. कांदा-लसूण मसाला कशात घालायचा हे ज्यांना सांगावं लागत नाही, असे लोक आपल्याला हवे आहेत : पुणे, मुंबई, ठाणे, नाशिकची घरं आणि बंगळूर-हैदराबादला नोकरीसाठी गेलेली मराठी मंडळी.

चौथी, गेल्या तीन महिन्यांत तिनं दुसऱ्या कुठल्या मसाल्याची जाहिरात केली आहे का, ते पाहा. गेल्या महिन्यात एका मसाल्याला ‘आमच्या घरी हाच’ म्हणणारी आज आपल्याला तेच म्हणाली, तर प्रेक्षक दोन्हीवरचा विश्वास सोडतात.

हे सगळं जमलं की पैशांची बोलणी करण्याआधी दोन पाकिटं पाठवा आणि स्पष्ट सांगा, “आधी घरी वापरून बघा. आवडला नाही तर तसं कळवा, आपण पुढे जाणार नाही.” एखादी ‘आमच्याकडे इतकं तिखट चालत नाही’ म्हणून नकार देईल. तो नकार आपले काही हजार वाचवतो. होकार देणारी रीलमध्ये जे बोलेल ते अनुभवातून बोलेल, आणि कायद्यालाही तेच अपेक्षित आहे.

दर : एक आकडा नाही, पाच तुकडे

क्रिएटर ‘पंधरा हजार’ म्हणते तेव्हा त्यात काय काय आहे, हे बहुधा बोललं जात नाही. त्या दराचे तुकडे पाडले की वाटाघाटीला जागा होते. पहिला तुकडा काम : किती रील, किती लांबीच्या, किती स्टोरी, स्टोरीवर लिंक आहे का. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून ती हायलाइटमध्ये किती दिवस ठेवायची तेही यातच येतं. दुसरा, वापराचा हक्क : तो व्हिडिओ आपण आपल्या पानावर, वेबसाइटवर, पैसे भरून चालवायच्या जाहिरातीत वापरू शकतो का आणि किती महिने. तिसरा, एकनिष्ठता : ती किती दिवस दुसऱ्या मसाल्याचं काम करणार नाही. चौथा, दुरुस्त्या : किती वेळा बदल सुचवता येतील. पाचवा, मुदत आणि पैशांचे हप्ते.

छोट्या ब्रँडनं यातला दुसरा तुकडा हातचा जाऊ देऊ नये. क्रिएटरच्या पानावरची रील दोन-चार दिवस जोरात चालते आणि मग खाली जाते. तोच व्हिडिओ सहा महिने वापरायचा हक्क मिळाला, तर नव्या ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवता येतो, वेबसाइटवर लावता येतो, सणाच्या आधी थोडे पैसे घालून जाहिरात म्हणून चालवता येतो. हा हक्क लेखी नसेल तर व्हिडिओ उचलून स्वतःच्या जाहिरातीत वापरणं चुकीचं आहे. तो तिच्या कामाचा आणि चेहऱ्याचा वापर आहे, त्याचे पैसे तिला मिळायला हवेत. याउलट तीन महिन्यांच्या एकनिष्ठतेची आपल्याला खरंच गरज आहे का, हे विचारून पाहा. पंधरा-वीस दिवस पुरत असतील तर तो तुकडा सोडून द्या आणि तेवढा दर कमी करून घ्या.

बोलणी करताना आपलं गणित लपवू नये. “ताई, तुमचा दर तुमच्या जागी बरोबर आहे. पण आमच्या एका ऑर्डरीमागे सवलत जाऊन ११० रुपये राहतात. तीन हजार रुपये ठरावीक आणि तुमच्या कोडवर पोचलेल्या प्रत्येक ऑर्डरीला चाळीस रुपये, असं जमेल का?” हे ऐकून काही जणी नाही म्हणतील, काही जणी म्हणतील, ‘चार हजार द्या, मी एक जास्तीची स्टोरी करते.’ दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. ‘आम्ही मसाला फुकट देतो, तुम्हाला फॉलोअर्स मिळतील’ असं मात्र म्हणू नये. मसाला हाताळणं, पदार्थ करणं, उजेड लावून चित्रण करणं, संकलन करणं यात दीड-दोन दिवस जातात. नुकतंच काम सुरू केलेल्या एखाद्या क्रिएटरला वस्तूच्या बदल्यात काम चालत असेल तर ते तिनं स्वतःहून म्हणावं.

आपल्या उदाहरणातल्या व्यवसायानं ६०,००० फॉलोअर्सवालीला नम्रपणे नकार दिला आणि पाच ते बारा हजार फॉलोअर्स असलेल्या चार जणी निवडल्या. प्रत्येकीच्या रीलचा मधला आकडा ७,००० च्या आसपास. प्रत्येकीला ३,००० रुपये आणि दर ऑर्डरीला ४० रुपये. चौघींचे मिळून १२,००० आणि पाठवलेल्या मसाल्याचे व कुरिअरचे १,६००, म्हणजे ठरावीक खर्च १३,६०० झाला. कमिशन वजा जाता प्रत्येक नव्या ऑर्डरीमागे आता ७० रुपये उरणार.

किती पाहणाऱ्यांमागे एक ऑर्डर यायला हवी, हे गणित इथेही फार सोपं झालेलं नाही, हे प्रामाणिकपणे पाहायला हवं. फायदा दुसरीकडे आहे. एक रील फसली तरी तीन उरतात, वापराच्या हक्कासह चार व्हिडिओ हातात येतात आणि कुणाचं पान आपल्या मसाल्याला लागू पडतं हे कळतं. पहिल्या फेरीत विकत घ्यायची ती ही माहिती.

कराराला वकिलाची दहा पानं लागत नाहीत. वरचे पाच तुकडे, पैशांचे हप्ते, जाहिरात असल्याचं सांगण्याची अट आणि न बोलायच्या गोष्टींची यादी एका पानावर लिहून ईमेलनं पाठवा आणि उत्तरात ‘मान्य’ असं घ्या. निम्मे पैसे आधी आणि निम्मे रील प्रसिद्ध झाल्यावर, ही वाटणी दोघांनाही बरी पडते. रील किमान किती महिने पानावरून काढायची नाही, हेही लिहा. जीएसटीचा मुद्दा तेव्हाच विचारा. क्रिएटरची नोंदणी असेल तर तिच्या बिलावर १८ टक्के लागतात आणि १५,००० चे १७,७०० होतात. आपली नियमित नोंदणी असेल तर हा कर वजावटीत मिळू शकतो. नोंदणी नसेल किंवा कॉम्पोझिशन योजनेत असू, तर तो आपल्याच खिशातून जातो.

‘जाहिरात’ हा शब्द दिसला आणि ऐकू आलाच पाहिजे

भारतात याबद्दल दोन पातळ्यांवर नियम आहेत. जाहिरात उद्योगाची स्वयंनियमन संस्था ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आस्की, हिनं इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठी २०२१ मध्ये नियम केले. त्यावर सरकारी पातळीवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. त्या कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण काम करतं. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं इन्फ्लुएन्सरनी काय आणि कसं जाहीर करायचं याची सोप्या भाषेतली पुस्तिका काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच घडलं तर ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते.

छोट्या व्यावसायिकाचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की पैसे दिले नाहीत म्हणजे जाहीर करायला नको. नियम पैशांपुरता नाही. ब्रँड आणि क्रिएटर यांच्यातला कोणताही असा संबंध, जो कळला तर प्रेक्षकाचं मत बदलू शकेल, तो सांगावा लागतो. फुकट पाठवलेलं पाकीट, सवलत, भेटवस्तू, सहलीचा खर्च, नोकरी आणि नातंसुद्धा यात येतं. मसाला करणाऱ्या बाईंची नणंद रेसिपीचं पान चालवत असेल आणि तिनं ‘मला हा मसाला फार आवडतो’ म्हटलं, तर नातं सांगायला हवं.

कसं सांगायचं तेही ठरलेलं आहे. भाषा साधी हवी आणि रील ज्या भाषेत आहे त्याच भाषेत. मराठी रीलमध्ये ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं लिहा. वर्णनाच्या तळाशी वीस हॅशटॅगांच्या गर्दीत `#ad` दडवलेलं चालत नाही. व्हिडिओ असेल तर फक्त वर्णनात लिहून भागत नाही, व्हिडिओतच दिसलं आणि बोललं गेलं पाहिजे. थेट प्रक्षेपण असेल तर सूचना सतत पडद्यावर हवी. आस्कीनं वेळही सांगितला आहे : पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ही पाटी किमान तीन सेकंद दिसावी आणि त्याहून मोठ्या, पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. पंचेचाळीस सेकंदांच्या आपल्या रीलमध्ये म्हणजे पंधरा सेकंद. सोपी रीत अशी, की पहिल्याच वाक्यात “आजची रील या मसाल्याची जाहिरात आहे, पण रस्सा माझ्या पद्धतीचा” असं बोलावं, त्याच क्षणापासून कोपऱ्यात ‘जाहिरात’ ही पाटी ठेवावी आणि इन्स्टाग्रामची पेड पार्टनरशिपची खूणही लावावी.

ही पाटी लावली की व्ह्यूज कमी होतात, अशी तक्रार क्रिएटर कधी कधी करतात आणि ब्रँडही ‘राहू दे, नको लावू’ म्हणतात. ग्राहकाच्या बाजूनं विचार करा. ज्या बाईला मागाहून कळतं की ती शिफारस पैसे घेऊन केली होती, तिला मसाला आवडला असला तरी फसवल्यासारखं वाटतं. खाण्याच्या वस्तूत विश्वास गेला की पुढची ऑर्डर येत नाही, आणि आपला सगळा नफा त्या पुढच्या ऑर्डरीत आहे.

दुसरा धोका शब्दांचा. उत्साहाच्या भरात क्रिएटर बोलून जाते, ‘यानं पित्त होत नाही’, ‘साखर वाढत नाही’, ‘कोलेस्टेरॉल कमी होतं’. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे वेगळे नियम आहेत आणि रोगावर इलाज सुचवणारा असा दावा मसाल्याला करता येत नाही. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ हे शब्द कधी वापरायचे, यालाही तिथे अटी आहेत. म्हणून एका पानाच्या करारासोबत दोन छोट्या याद्या द्या : काय सांगता येईल, जसं मिरचीच्या जाती, कांडपाची पद्धत, किती दिवस टिकतो, आणि काय बोलायचं नाही. प्रसिद्धीआधी रील पाहण्याचा हक्क फक्त तथ्यं आणि ही पाटी तपासण्यासाठी वापरा. तिची भाषा, तिचं हसणं, ‘जरा तिखटच आहे हं, अर्धा चमचा घाला’ हा तिचा शेरा कापू नका. प्रेक्षक तिच्याकडे येतात ते त्यासाठीच.

मोजणी रील येण्याआधी सुरू होते

रील प्रसिद्ध झाल्यावर ‘फोन खूप आले’ ही आठवण पुरावा ठरत नाही. आधीच्या चार-सहा आठवड्यांत दर आठवड्याला किती ऑर्डरी आल्या, ते लिहून ठेवा. प्रत्येक क्रिएटरला वेगळा कोड द्या, बोलायला आणि लिहायला सोपा. वेबसाइट नसेल आणि ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येत असतील, तरी अडत नाही. प्रत्येकीसाठी अशी वेगळी लिंक करा, की दाबल्याबरोबर कोडाचा मजकूर आपोआप भरलेला येईल :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=RASSA10
```

X च्या जागी आपला नंबर आणि शेवटी त्या क्रिएटरचा कोड. प्रसिद्धीच्या आदल्या दिवशी ती लिंक स्वतः दाबून बघा आणि पाकिटांचा साठा मोजा. चुकीची लिंक किंवा संपलेला माल यांमुळे पहिले दोन दिवस वाया गेले, तर ते परत मिळत नाहीत.

कोड सगळं पकडत नाही. कुणी रील पाहून चार दिवसांनी नावानं शोधून मागवतं, कुणी बहिणीला सांगतं. म्हणून प्रत्येक नव्या ग्राहकाला एक प्रश्न विचारा : ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ कोड जास्तही पकडतो. जुने ग्राहक रीलमध्ये कोड पाहून तोच वापरतात. त्यांनी एरवीही मागवलंच असतं, तेव्हा तिथे ५० रुपयांची सवलत आणि ४० रुपयांचं कमिशन विनाकारण गेलं. फोन नंबर जुन्या यादीशी ताडून पाहिले की हे कळतं.

आपल्या उदाहरणात सहा आठवड्यांनी असं चित्र आलं असं धरू. चार कोडांवर पोचलेल्या ऑर्डरी ११२, त्यातल्या २२ जुन्या ग्राहकांच्या, म्हणून नव्या ९०. एकूण ऑर्डरी २६०. नेहमीच्या वेगानं, म्हणजे आठवड्याला २०, अशा १२० आल्या असत्या. त्या आणि कोडच्या नव्या ९० वगळल्या तर ५० जास्तीच्या उरतात. कोड न वापरता ‘व्हिडिओत पाहिलं’ असं सांगणारे नवे ग्राहक मात्र ३४ भरले. बाकीच्या कदाचित हवामान बदलल्यामुळे, कदाचित पाहुण्यांच्या हंगामामुळे आल्या असतील. दोन आकड्यांतला लहान घ्यावा, म्हणजे ३४.

आता हिशेब. कोडवरच्या ९० नव्या ऑर्डरी, प्रत्येकी ७० प्रमाणे ६,३०० रुपये. जुन्या २२ ग्राहकांवर प्रत्येकी ९० प्रमाणे गेलेले १,९८० वजा. कोडशिवाय आलेले ३४, पूर्ण किमतीत, प्रत्येकी १६० प्रमाणे ५,४४० जमा. एकूण ९,७६० रुपये. खर्च १३,६०० होता, म्हणजे ३,८४० रुपयांची तूट.

इथे बरेच जण ‘इन्फ्लुएन्सरचा काही उपयोग नाही’ म्हणून वही मिटतात. अजून एक ओळ बाकी आहे. हाताशी १२४ नवे ग्राहक आले आहेत. सवलत आणि कमिशनशिवायची पुढची ऑर्डर १६० रुपये देते, तेव्हा २४ जणांनी पुन्हा मागवलं की तूट भरून निघते. साधारण पाचातला एक. एवढा मसाला एका घराला दोन-तीन महिने पुरतो असं धरलं, तर चौथ्या महिन्यात यादी उघडून पाहायचं : पुन्हा मागवणारे २४ च्या वर गेले असतील तर मोहीम फायद्यात, खाली असतील तर तोट्यात. खाली असतील तर दोष कदाचित रीलचा नसेल. चव, पॅकिंग किंवा कुरिअरचा उशीर यांपैकी काहीतरी ग्राहकाला खटकलं आहे. त्यातल्या दहा जणांना फोन करून विचारावं.

चौघींपैकी एकीच्या कोडवर ५८ ऑर्डरी आल्या असतील आणि दुसरीच्या ११, तर पुढच्या फेरीत चारही जणींना पुन्हा सारखे पैसे वाटू नयेत. ५८ वालीशी वर्षातल्या तीन-चार रील्सचं ठरवावं. तोच चेहरा तोच मसाला पुन्हा पुन्हा वापरताना दिसला, की शिफारस जास्त पटते आणि क्रिएटरलाही खात्रीचं काम मिळतं. ११ वालीचे आभार मानून थांबावं, आणि तिनं विचारलं तर तिच्या कोडचा आकडा तिला खरा सांगावा.

या पद्धतीची मर्यादा माहीत असू द्या. ज्या वस्तूच्या ऑर्डरीमागे तीस-चाळीस रुपयेच उरतात आणि जी लोक क्वचितच पुन्हा मागवतात, तिच्यासाठी पैसे देऊन रील करणं बहुधा परवडत नाही. तिथे आधी पाकिटाचा आकार वाढवून किंवा दोन-तीन वस्तूंचा संच करून ऑर्डरीतला उरलेला पैसा वाढवावा, मग क्रिएटरकडे जावं. आणि ज्यांचा मसाला लोक पुन्हा मागवतात, त्यांनी पुढच्या वेळी कुणाचाही दर विचारण्याआधी कागदावर तीन आकडे लिहावेत : एका ऑर्डरीमागे काय उरतं, सवलत आणि कमिशन जाऊन काय उरतं, आणि शंभरातले किती जण परत येतात. हे तीन आकडे सांगता येत नसतील, तोवर रीलसाठी एक रुपयाही देऊ नका.